गडावरच्या देवीचा व्हिडिओ आणि संगणकाचा आवाज: काय सांगायचं, कुठे सांगायचं

प्रश्न: पंचवटीत आमचं छोटं भजनी मंडळ आहे, त्याचं यूट्यूब चॅनेल मी बघते. नवरात्रासाठी सप्तशृंगी देवीवर नऊ मिनिटांचा व्हिडिओ केलाय. निवेदनाचा आवाज संगणकाचा आहे. महिषासुराच्या कथेची दृश्यं, गडाचा वरून दिसणारा देखावा आणि शेवटी देवीचं अगदी जवळून दर्शन, हे सगळं एआयवर केलंय. आरती मात्र मंडळातल्या बायकांनी खरीच म्हटली आहे. 'एआय' लिहिलं तर लोकांचा भाव तुटेल का? नाही लिहिलं तर ती फसवणूक होईल का? लिहायचं तर कुठे आणि कसं?

उत्तर:

सगळ्यात आधी देवीचं ते जवळून दर्शन व्हिडिओतून काढा. बाकीचं सगळं नीट सांगून ठेवता येतं, हे येत नाही.

कारण सांगतो. गडावरची मूर्ती अठरा हातांची, कड्याच्या दगडातली, मान किंचित कललेली. दृश्य तयार करणाऱ्या साधनाला 'अठरा हात' असं कितीही वेळा लिहून द्या, ते आठ देतं, बारा देतं, दोन आयुधं एकमेकांत वितळवून टाकतं आणि चेहरा कुठल्या तरी मालिकेतल्या नटीसारखा गुळगुळीत करून ठेवतं. त्यातून २०२२ साली मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले गेले आणि आतलं मूळ रूप लोकांनी पाहिलं. ज्यांनी लहानपणापासून जुनं रूप पाहिलंय आणि त्यानंतर नवंही पाहिलंय, त्यांना तुमची देवी पहिल्या सेकंदालाच परकी वाटणार. ज्यांनी गड पाहिलेलाच नाही, त्यांचं नुकसान जास्त. ते त्या चित्राला हात जोडणार, स्क्रीनशॉट काढणार, डीपीला लावणार आणि वणीची देवी म्हणून पुढे पाठवणार. तुम्ही कोपऱ्यात लिहिलेली ओळ त्या स्क्रीनशॉटमध्ये कापली जाते. सूचना जिथे चित्राच्या सोबत जाऊच शकत नाही, तिथे ती दिली काय आणि न दिली काय.

त्या जागी मंडळातल्या कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली देवीची तसबीर घ्या. निरांजनाच्या उजेडात, फोन स्टँडवर ठेवून वीस-तीस सेकंद शांतपणे शूट करा. तसबीर ही तसबीर आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तिच्याखाली काही लिहावं लागत नाही. देवस्थानाने स्वतः प्रसिद्ध केलेला फोटो वापरायचा असेल तर त्यांची परवानगी मागा. गाभाऱ्यात चोरून फोन काढू नका, हे तुम्हाला सांगायला नको.

हाच नियम नाशिकच्या बाकीच्या देवळांनाही लावा. त्र्यंबकेश्वरात खळग्यात तीन लहान उंचवटे आहेत, पण 'ज्योतिर्लिंग' म्हटलं की साधन मोठं, उभं, चकचकीत लिंग काढून देतं. काळारामाच्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या, आणि साधनाला राम म्हटला की निळाच दिसतो. ठरावीक जागी उभ्या असलेल्या, रोज पूजा होणाऱ्या मूर्तीचं खऱ्यासारखं दिसणारं बनावट दर्शन करायचंच नाही, अशी रेघ मी स्वतःपुरती ओढून घेतली आहे. यूट्यूबच्या नियमात ती नाही. माझ्या कामात आहे.

आता गडाच्या देखाव्याकडे येऊ. कथेतली दृश्यं आणि हा देखावा तुम्ही एकाच ओळीत मोजलेत, तिथेच गोंधळ आहे. महिषासुराशी युद्ध चाललं तेव्हा कॅमेरा नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे. चित्रासारख्या शैलीत केलेलं ते दृश्य पाहून कुणी फसत नाही. गड मात्र आज तिथे उभा आहे. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीतल्या माणसाने तो देखावा पाहिला की तो विचारणार, देऊळ तर कड्याच्या पोटात आहे, मग डोंगराच्या टोकावर हे शिखर कुठून आलं? पायऱ्या कुठे गेल्या? वर जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉली कुठे आहे? आणि हे एक दृश्य खोटं ठरलं की त्याच माणसाला तुमच्या बायकांची आरतीही उचललेली वाटायला लागते. विश्वास जातो तो असाच, एका फ्रेममुळे अख्ख्या व्हिडिओवरचा.

यूट्यूबनेही फरक नेमका इथेच केला आहे. मार्च २०२४ पासून अपलोड करताना ते विचारतात, की खऱ्या माणसाला तो न बोललेलं बोलताना किंवा न केलेलं करताना दाखवलंय का, खऱ्या जागेच्या किंवा घटनेच्या चित्रीकरणात बदल केलाय का, न घडलेलं पण खरं वाटणारं दृश्य तयार केलंय का. यातलं एकही 'हो' असेल तर तसं नोंदवावं लागतं. उघडपणे चित्र किंवा ॲनिमेशन वाटणाऱ्या गोष्टींना ही अट नाही. म्हणजे तुमची महिषासुराची दृश्यं खरोखर चित्रासारखी असतील तर त्यांच्यामुळे नोंद करावी लागत नाही, पण गडाच्या देखाव्यामुळे लागते.

माझा सल्ला असा, की तो देखावाही बदला. नांदुरीहून घाट चढताना गाडी बाजूला घेऊन सकाळच्या उन्हात फोनवर काढलेला हलता, थोडा धुरकट गड त्या गुळगुळीत देखाव्यापेक्षा लोकांना जवळचा वाटेल. ते जमणार नसेल आणि देखावा ठेवायचाच असेल, तर तो पडद्यावर आहे तेवढा सगळा वेळ त्याच फ्रेमवर 'हा देखावा संगणकावर तयार केलेला आहे, प्रत्यक्ष गड वेगळा दिसतो' एवढं असू द्या. सुरुवातीला एकदा सांगून टाकलं आणि मोकळे झालो, असं जागेच्या बाबतीत चालत नाही.

अक्षरांचं थोडं तांत्रिक. १९२० बाय १०८० च्या व्हिडिओत पन्नास पिक्सेलपेक्षा लहान देवनागरी ठेवू नका, कारण व्हॉट्सॲपवर दोन वेळा दाबला गेलेला व्हिडिओ जुन्या फोनवर पाहिला की वेलांट्या आणि अनुस्वार आधी गायब होतात. पांढरी अक्षरं, मागे काळी अर्धपारदर्शक पट्टी. भगव्यावर पिवळं अजिबात नको, दिसायला कितीही छान असलं तरी. उभ्या शॉर्टमध्ये खालचा भाग नाव आणि बटणांखाली झाकला जातो, म्हणून ओळ वरच्या बाजूला घ्या. देवीच्या किंवा तसबिरीच्या चेहऱ्यावरून, पायांवरून पट्टी जाऊ देऊ नका. लोकांना खटकतं ते बऱ्याचदा हेच असतं. सूचनेबद्दल त्यांची तक्रार नसते, ती देवावर चिकटवलेली असते याचा त्यांना राग येतो.

आवाजाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच अवघड आहे. भक्तीचे व्हिडिओ लोक पाहतात कमी आणि ऐकतात जास्त. सकाळी फोन ओट्यावर उलटा ठेवलेला, एकीकडे चहा उकळतोय, आणि तुमचं निवेदन चालू. त्या बाईंना पडद्यावरची ओळ कधीच दिसणार नाही. वर्णनात, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, लिहिलेलं तर व्हिडिओ फाइल म्हणून पुढे गेला की मागेच राहतं. म्हणून आवाजाबद्दलची सूचना आवाजातच द्यायची. ती संगणकाच्या आवाजात देऊ नका. मंडळातल्या एखाद्या बाईंनी स्वतः बोलावं, फोनवर रेकॉर्ड केलेलं चालेल, मागे पंखा ऐकू आला तरी चालेल.

मजकूर साधारण असा: 'नमस्कार. आम्ही पंचवटीचं भजनी मंडळ. या व्हिडिओतलं निवेदन आम्ही लिहिलं आहे, ते वाचणारा आवाज माणसाचा नाही, संगणकाचा आहे. कथेची चित्रंही संगणकावर काढलेली आहेत. आरती आम्हीच म्हटली आहे.' सावकाश बोललं तरी वीस सेकंदांच्या आत होतं. 'एआय' हा शब्द वर्णनात आणि पडद्यावर लिहा, बोलताना 'संगणकाचा आवाज' म्हणा, म्हणजे ओट्यापाशी उभ्या असलेल्या आजींनाही कळेल.

हे नमनाच्या श्लोकाच्या आधी यायला हवं. श्लोक सुरू झाला की ऐकणारा हात जोडतो, आणि तिथून पुढे मधेच येऊन 'हा आवाज खरा नाही' म्हणणं म्हणजे पूजा चालू असताना दाराची बेल वाजवणं. सूचना संपली की दोन सेकंद पूर्ण शांतता ठेवा, मग तानपुरा, मग श्लोक. त्या शांततेमुळे माहिती आणि उपासना वेगळ्या राहतात.

आता मधूनच व्हिडिओ उघडणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी मी सहसा उलट करतो. संगणकाचं काय आहे हे पुन्हा पुन्हा सांगत बसण्याऐवजी खरं काय आहे ते त्या त्या जागी सांगतो. तुमची आरती समजा सहाव्या मिनिटाला सुरू होते. त्याआधी त्याच बाईंच्या आवाजात 'आता आरती. म्हणणाऱ्या आम्ही मंडळाच्या बायका' एवढं येऊ द्या आणि आरतीभर मंडळाचं खरं चित्रीकरण दाखवा, टाळ, हात, जमिनीवरची सतरंजी, सगळं. ज्याला आधीच्या निवेदनाबद्दल शंका आली असेल त्याला तिचं उत्तर इथे मिळतं, आणि भाव तुटायच्या ऐवजी इथे जोडला जातो. खोट्यावर दहा पाट्या लावण्यापेक्षा खऱ्यावर एक लावलेली जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

वाक्यरचनेबद्दल एक सावधगिरी. 'यातील दृश्ये काल्पनिक आहेत' हे तयार वाक्य कुठूनही उचलू नका. तुम्हाला म्हणायचं असतं चित्र काल्पनिक, वाचणाऱ्याला ऐकू येतं देवीची कथा काल्पनिक, आणि मग कमेंटमध्ये जे पेटतं ते तुम्हाला विझवता येत नाही. 'कथा परंपरेतली, चित्रं संगणकावर काढलेली' असं दोन्ही वेगळं करून लिहा. तसंच 'मनोरंजनासाठी' हा शब्द आरतीच्या व्हिडिओत कुठेही नको.

काय सांगायची गरज नाही, तेही बघू. इलेक्ट्रॉनिक तानपुरा वर्षानुवर्षं देवळांत वाजतोय, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पंख्याचा आवाज काढणं, थोडा घुमारा देणं, रंग सुधारणं, दोन जणींचा सूर किंचित सावरणं, ही दुरुस्ती आहे. याच्या पाट्या लावल्या तर खरी महत्त्वाची पाटी त्यांच्यात हरवते. सीमा कुठे येते ते जुन्या कॅसेटवरून लक्षात येईल. एखाद्या मंडळाकडे जुन्या कीर्तनकारांची कॅसेट असते. खरखर काढली, ती दुरुस्ती झाली. फीत जिथे खराब आहे तिथला गेलेला शब्द त्यांच्याच आवाजाची नक्कल करून भरला, की ती निर्मिती झाली. तो शब्द बरोबर असेल, चूकही असेल, पण तो त्यांनी म्हटलेला नाही. मी तिथे रिकामी जागा तशीच सोडतो आणि शब्द पडद्यावर लिहितो.

नक्कलेच्या आवाजाबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा. तुमचा निवेदनाचा आवाज साधनातला तयार आवाज असेल तर ठीक. पण तो एखाद्या नामांकित गायिकेसारखा किंवा महाराजांसारखा केलेला असेल, तर नुसत्या सूचनेने तो धुतला जात नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिलं, आशा भोसले यांनाही २०२५ मध्ये तसा आदेश मिळाला. हयात नसलेल्या कीर्तनकारांच्या घरच्यांनी होकार दिला असेल तरीही त्यांच्या तोंडी नवा उपदेश घालू नका. लोक त्यांचं वाक्य म्हणून ते आचरणात आणतात.

संगणकाचा आवाज ठेवणार असाल तर उच्चार मात्र स्वतः बसून तपासा. हिंदीवर जास्त शिकलेले आवाज 'ज्ञान' चं 'ग्यान' करतात, 'ळ' चा 'ल' करतात, 'माझी' आणि 'माझा' मधला झ एकसारखा म्हणतात, आणि 'चरण' मधला च 'चमचा' मधल्या च सारखा काढतात किंवा उलट. गद्य निवेदनात हे नुसतं खटकतं, पद्यात मोडतं. मोठ्या अभंगाची चाल सहा-सहा-सहा-चार अक्षरांवर उभी असते. साधन बोलण्यातल्यासारखा शेवटचा अ गिळतं, अक्षर पडतं आणि ओळ लंगडी होते. म्हणून अभंग, श्लोक आणि आरती संगणकाला देऊच नका. 'ज्ञा' च्या जागी 'द्न्या' असं लिहून दिलं की बरेच आवाज सुधारतात. ळ सुधारला नाही तर तो आवाज सोडून द्या. एक खूण आणखी: लांबलचक वाक्य श्वास न घेता एका दमात संपलं की जाणत्या कानाला लगेच कळतं. तिथे वाक्य तोडा. हे लपवण्यासाठी नाही, ऐकणाऱ्याची दमछाक होऊ नये म्हणून.

आता प्रत्यक्ष अपलोड. यूट्यूब स्टुडिओत Details च्या पानावर खाली Show more दाबलं की Altered content असा भाग येतो, तिथे Yes करा. त्यानंतर वर्णन उघडल्यावर प्रेक्षकाला यूट्यूबची छोटी नोंद दिसते. आरोग्य, निवडणूक, बातम्या अशा विषयांवर ती थेट व्हिडिओवरही येऊ शकते, एरवी वर्णनातच असते, म्हणून तिच्यावर विसंबून तुमची बोललेली सूचना गाळू नका. 'Yes केलं तर व्ह्यूज मरतात' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. यूट्यूबचं स्वतःचं म्हणणं आहे की या नोंदीमुळे प्रेक्षक मर्यादित होत नाहीत आणि कमाईची पात्रता जात नाही. उलट सतत लपवणाऱ्यांचा व्हिडिओ काढला जाऊ शकतो. कमाईला खरा धोका वेगळा आहे: एकाच साच्याचे, देव बदलून रोज सोडलेले व्हिडिओ. त्यांच्यासाठीच्या धोरणाला जुलै २०२५ पासून 'इनऑथेंटिक कंटेंट' असं नाव दिलं आहे.

भारतातही माहिती तंत्रज्ञान नियमांमधली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुरावर ठळक खूण हवी, आणि मोठ्या समाजमाध्यमांनी अपलोड करणाऱ्याकडून तसं जाहीर करून घ्यायचं, असा तिचा गाभा आहे. रंग सुधारणं, आवाज स्वच्छ करणं अशी प्रामाणिक नेहमीची दुरुस्ती त्यातून वगळली आहे. म्हणजे मी वर मारलेली रेघ आणि कायद्याची रेघ जवळपास एकाच ठिकाणी येतात.

वर्णनातल्या पहिल्या दोन ओळी सगळ्यात आधी नजरेला पडतात, म्हणून सूचना तिथेच घाला, हॅशटॅगच्या खाली नको. तीच पहिल्या कमेंटमध्ये लिहून पिन करा. तुमच्यासाठी मजकूर असा होईल:

'निवेदनाचा आवाज आणि कथेची चित्रं एआयच्या मदतीने तयार केलेली आहेत. लेखन आणि आरती मंडळाची. शेवटची तसबीर आमच्या घरच्या देव्हाऱ्यातली.'

मंडळाचा क्यूआर कोड देणगीसाठी लावणार असाल तर तो संगणकावरच्या एकाही दृश्यावर नको. तो मंडळाच्या खऱ्या चित्रीकरणावर, शेवटी लावा, आणि देणगी मंडळाला आहे, देवस्थानाला नाही, हे शब्दांत लिहा. बनावट गड आणि त्याखाली पैसे मागणारा चौकोन एकत्र आले, तर हेतू कितीही चांगला असला तरी तक्रार करणाऱ्याला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

कमेंट येणारच. 'ताई, काय गोड आवाज आहे तुमचा, देवी भरभरून देवो' असं कुणीतरी लिहील आणि तुम्ही नुसते हात जोडून पुढे जाल. तसं करू नका. 'निवेदनाचा आवाज संगणकाचा आहे हो मावशी, आरतीतला आमचा. तुमचा आशीर्वाद आरतीवाल्यांना पोचवते' एवढं लिहिलंत की ती मावशी दुखावत नाही, आणि खाली वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालू नका आणि त्याची कमेंट उडवूही नका. तो कुठलं दृश्य म्हणतोय ते विचारा. बहुतेक वेळा एखादं ठरावीक दृश्य निघतं, ते बदलता येतं. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओतला तुकडा कापता येतो, पण त्या जागी नवं दृश्य घालता येत नाही, त्यासाठी व्हिडिओ पुन्हा चढवावा लागतो. म्हणून घटस्थापनेच्या किमान आठवडाभर आधी तो Unlisted, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, ठेवून वणी-नांदुरीकडच्या दोन माणसांना आणि मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना दाखवा. त्यांना आधी काही सांगू नका. व्हिडिओ संपल्यावर फक्त विचारा, यातलं खरं काय होतं? त्यांचं उत्तर तुमच्या सूचनेशी जुळलं नाही तर सूचना पुन्हा लिहायची.

शॉर्ट काढताना फक्त आरतीचा तुकडा घ्या, त्याला कसलीच पाटी लागणार नाही. युद्धाच्या दृश्याचा शॉर्ट हवाच असेल तर ओळ चित्रातच पक्की बसवून मग कापा, कारण शॉर्टला सुरुवातीचं तुमचं नमस्काराचं वाक्य मिळणार नाही. चॅनेलवर आधीचे अशाच आवाजातले व्हिडिओ असतील तर तेही या आठवड्यात उघडा. Altered content ची नोंद जुन्या व्हिडिओलाही करता येते, वर्णन आणि पिन केलेली कमेंटही बदलता येते. ज्यांत मूर्तीचं बनावट दर्शन आहे तेवढे मात्र सरळ खासगी करून टाका.